मारबत कोण जाळतं?

आमच्या वाचनालयात संध्याकाळी मोठ्या माणसांचा मराठीचा वर्ग चालतो. बदलीवर आलेले बँकवाले, रेल्वेवाले, दवाखान्यातल्या नर्सेस. या मंडळींसाठी नागपूरची ओळख करून देणारी एक पुस्तिका काढायचं समितीनं ठरवलं. मजकूर एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिला आणि ‘तेवढं सोपं करून टाका’ म्हणून माझ्याकडे पाठवला. ‘तेवढं’ म्हणजे हे:

‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून काढण्यात येणाऱ्या काळ्या व पिवळ्या मारबतींच्या मिरवणुकीत सहभागी झालेल्या बडग्यांच्या माध्यमातून सामाजिक कुप्रथांवर प्रहार करण्यात येऊन सरतेशेवटी त्यांचे दहन करण्यात येते.’

मारबत आणि बडगे या पुतळ्यांवरचं एकच वाक्य. आमचे हे मोठ्यांदा वाचायला गेले आणि ‘माध्यमातून’पर्यंत येऊन पाणी प्यायला उठले.

अशा वेळी शहाणा माणूस लाल पेन घेऊन जड शब्द हुडकतो. प्रहार, कुप्रथा, दहन. हे काढा, साधे घाला, झालं. पण मी तो कागद आधी वर्गात नेला आणि सगळं उलटं निघालं. पाटण्याहून आलेले बँकेतले साहेब सामाजिक, कुप्रथा, प्रहार, दहन या शब्दांवरून सायकल चालवावी तसे गेले, कारण हे सगळे त्यांच्या हिंदीत आहेत. ते आडवे झाले ‘सरतेशेवटी’वर आणि ‘काढण्यात येणाऱ्या’वर. म्हणजे आपल्याला जे सोपं वाटतं तिथेच.

केरळच्या सिस्टरबाईंचं वेगळंच. त्यांनी ‘दहन’ वाचलं आणि चेहरा गंभीर केला. मल्याळममध्ये दहनम् म्हणजे पचन. “मॅडम, एवढे मोठे पुतळे कोणाला पचतात?” त्यांनी विचारलं. नागपूरच्या तर्रीपोह्यांवर वाढलेला कोणीही याला उत्तर देऊ शकला असता, पण मी ‘दहन’ खोडून ‘जाळतात’ लिहिलं.

तिथेही सुटका नाही. जळणं वेगळं, जाळणं वेगळं. बडगे जळतात, लोक बडगे जाळतात. एका कान्याचा फरक, आणि तो चुकला की लोकच पेटतात. वर्गात एकदा तसं झालंही. पण निदान यात कोण काय करतं ते दिसतं. मूळ वाक्यात ते कुठेच नाही. मिरवणूक काढण्यात येते, प्रहार करण्यात येतो, दहन करण्यात येतं, आणि करणारा माणूस मात्र कुठल्याच क्रियापदापाशी उभा नाही. मी प्रत्येक क्रियापदापुढे ‘कोण?’ असं लिहीत गेले. जिथे उत्तर मिळालं नाही तिथे ‘लोक’ आणून बसवले. निम्मं वाक्य तेवढ्यानंच मोकळं झालं.

उरलेलं निम्मं ‘काढण्यात येणाऱ्या’ आणि ‘सहभागी झालेल्या’नं अडवलं होतं. आपण नामाच्या आधी असे डबे जोडत जातो आणि इंजिन शेवटी लावतो. शिकणारा पहिल्या डब्यात चढतो तेव्हा गाडी कुठे चालली आहे हे त्याला माहीत नसतं. इलाज एकच, प्रत्येक डब्याचं स्वतंत्र वाक्य करायचं. ‘मिरवणूक निघते. तिच्यात बडगे असतात.’

मग आली खरी डोकेदुखी, सामान्यरूप. सिस्टरबाई शब्दकोशात ‘मिरवणुकीत’ शोधत बसल्या. तो शब्द तिथे कसा मिळणार? तिथे ‘मिरवणूक’ आहे. प्रत्यय लागताना ‘णू’चा ‘णु’ झाला आणि ‘क’ची ‘की’ झाली, हे त्यांना कोण सांगणार? पाऊस पावसात, देऊळ देवळात, माणूस माणसाला. आपली अर्धी भाषा विभक्ती लागली की ओळख देत नाही. सामान्यरूप टाळून तर मराठी लिहिता येत नाही. म्हणून मी एक नियम केला: नाम आधी मूळ रूपात भेटवायचं, बदललेलं रूप लगेच पुढच्या वाक्यात. ‘पोळा हा बैलांचा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी...’ म्हणजे डोळ्यासमोर दोन्ही राहतात.

भूतकाळ मी मुद्दाम वगळला. ‘लोकांनी मारबत काढली, बडगे काढले, पुतळा काढला.’ काढणारे तेच, पण क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं. ‘लोक काढतात’ म्हटलं की मारबत असो, बडगे असोत, ‘काढतात’ जागचं हलत नाही. सण दरवर्षी येतो, तेव्हा अर्थालाही धक्का नाही. गेल्या वर्षीची बातमी असती तर मात्र ही पळवाट चालली नसती.

‘मारबत’ आणि ‘बडगे’ यांना मी हात लावला नाही. ते काढले तर सणच उरत नाही. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळीही तशीच ठेवली. तिचं ‘इडा पिडा घेऊन जावी, ही विनंती’ केलं असतं तर इतवारीतल्या लोकांनी पुढच्या वर्षी माझाच बडग्या काढला असता.

शेवटी हे उतरलं:

‘पोळा हा बैलांचा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात एक मोठी मिरवणूक निघते. या मिरवणुकीत दोन मारबती असतात. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा. एक मारबत काळी असते आणि एक पिवळी. मिरवणुकीत बडगेही असतात. बडगेसुद्धा पुतळेच. लोकांना महागाई आवडत नाही, म्हणून ते महागाईचा बडग्या करतात. लोक ओरडतात, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” शेवटी लोक मारबती आणि बडगे जाळतात. त्यांच्याबरोबर वाईट गोष्टी जातात, असं लोक मानतात.’

मजकूर मुळापेक्षा लांब झाला, आणि तो होणारच. पहिल्या खर्ड्यात मी ‘म्हणून’ही उडवलं होतं, तेव्हा साहेबांना वाटलं की महागाई आवडत नाही ही एक बातमी आणि बडग्या ही दुसरी. वाक्यं तोडताना कारण सांडतं, ते असं परत वेचून घालावं लागतं.

परीक्षा घेताना मी ‘मिरवणूक कधी निघते?’ असलं काही विचारलं नाही. त्याचं उत्तर काहीही न कळता उताऱ्यातून उचलून देता येतं. मी विचारलं, “या वर्षी तुम्ही कशाचा बडग्या कराल?” साहेब ताडकन म्हणाले, “बदलीचा!” सिस्टरबाई म्हणाल्या, “नाइट ड्यूटीचा.” उतारा पास.

प्राध्यापक मात्र नाराज. “हे बालवाडीचं झालं हो,” ते म्हणाले. मला तसं वाटत नाही. बालवाडीचं तेव्हा झालं असतं, जेव्हा मी बैल म्हणजे काय ते समजावलं असतं. पंचावन्न वर्षांच्या शाखाधिकाऱ्याला बैल ठाऊक असतो, अडतो तो ‘बैलांचा’पाशी. सरांचा दुसरा आक्षेप वर्गातल्या बोलण्यावर होता. पानठेल्यावरचं ‘काय करून राहिले भाऊ?’ साहेबांनी पहिल्याच दिवशी उचललं, कारण त्यांचं ‘क्या कर रहे हैं’ त्याच साच्यातलं. सरांना तिथे ‘करत आहात’ हवं. मी म्हटलं, पुस्तिकेत ‘करत आहात’ छापू, पण पान घेताना त्यांना अडवू नका.

पुढच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. ‘आपणांकडून सादर करण्यात आलेला सुलभीकृत मजकूर किरकोळ फेरफारांसह स्वीकारण्यात येत असून तो यथावकाश प्रकाशित करण्यात येईल.’ मी ते वर्गात वाचून दाखवलं. साहेबांनी लाल पेन मागून घेतलं, प्रत्येक क्रियापदापुढे ‘कोण?’ लिहिलं आणि पत्र सिस्टरबाईंकडे सरकवलं. त्यांनी ‘यथावकाश’खाली रेघ ओढून विचारलं, “मॅडम, ही तारीख कधी येते?”