५५३ खोके आणि सुताभर जागा

आज वेर्ण्याच्या गोदामाबाहेर भर पावसात कोकम सरबताचे १०५ खोके ताडपत्रीखाली पडून आहेत, आणि कंटेनर दार लावून मुरगावच्या वाटेला लागला आहे. कारण एवढेच की आमच्या विक्री विभागातील सद्गृहस्थांनी पुन्हा एकदा घनफळाला घनफळाने भागले. वीस फुटी कंटेनरचे ३३.२ घनमीटर, खोक्याचे ०.०६, उत्तर ५५३. ग्राहकाला तसे पत्रही गेले. खोके म्हणजे काय पाणी आहे, ओतले की कोपऱ्यात शिरायला?

कंटेनर आतून ५८९.८ सेंमी लांब, २३५.२ रुंद आणि २३९.३ उंच आहे. आमचा खोका बाहेरून ५० × ४० × ३० सेंमी, आणि आत बाटल्या असल्यामुळे तो उभाच राहिला पाहिजे. (बाहेरून हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या खेपेला याच गृहस्थांनी आतले माप कळवले होते.) खोक्याची लांब बाजू कंटेनरच्या रुंदीला लावली तर चौदा-चौदाच्या चार ओळी होतात, म्हणजे एका थरात ५६. सगळे खोके वळवले तर अकरा-अकराच्या पाच ओळी, म्हणजे ५५. दोन्ही मांडण्यांत भिंतीलगत ३५ सेंमीची पट्टी फुकट जाते. म्हणून मी रात्री चौकटीचा कागद घेऊन बसलो आणि तीन ओळी पहिल्या रीतीने, दोन दुसऱ्या रीतीने लावल्या. रुंदी भरली २३० सेंमी आणि थरात खोके बसले ६४. असे सात थर म्हणजे ४४८. याहून सरस मांडणी मला सापडली नाही.

खरा अपमान पुढेच आहे. त्या दोन ओळींच्या शेवटी, दाराशी, ८० सेंमी रुंद आणि ३९.८ सेंमी खोल कोनाडा उरतो. वळवलेल्या खोक्याला खोली लागते ४० सेंमी. दोन मिलिमीटर! आमच्या मुकादमाने गुडघा लावून खोका रेटला, खोक्याचा कोपरा चेपला, आतून काच कुरकुरली, आणि तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सुताभरानं अडला." वर छताखाली २९.३ सेंमी मोकळे, आणि खोका ३० उंच. त्यावर दूरध्वनीवरून सद्गृहस्थांचा सल्ला आला की थोडे दाबून बसवा. या माणसाला एकदा त्या कोनाड्यात दाबून बसवण्याची माझी फार इच्छा आहे, वळवून.

संतापाच्या भरात खोक्याच्या मूळ मागणीची फाईल काढली. खोकेवाल्याने तेव्हा ४९.५ × ३९.५ × २९.५ सुचवले होते. त्या मापात कोनाड्यातला खोका बसला असता आणि आठवा थरही चढला असता. फक्त त्या आठव्या थराची शेवटची रांग २२८ सेंमी उंचीच्या दारातून आत गेली नसती. खाली शेरा आहे, "मापे पूर्णांकात ठेवावीत, हिशेबाला सोपी." अक्षर माझे आहे.