चिनी पालकांच्या नावावर खपवलेली छडी

“चिनी आईबाप मारतात, दटावतात, म्हणून त्यांची पोरं पहिली येतात. प्रेमाने समजावा हे अमेरिकेचं खूळ आहे. आपल्याकडे मार खाऊनच पिढ्या घडल्या.”

बहिणीच्या मुलाच्या शाळेतल्या पालकगटात हे आलं आणि खाली धडाधड अंगठे पडले, म्हणून लिहितेय.

‘अमेरिकेचं खूळ’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. हुकूमशाही गाजवणारे, मोकळं सोडणारे आणि माया-शिस्त दोन्ही देणारे, ही पालकांची वर्गवारी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीत केली, तीही मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांवरून. ती जशीच्या तशी इतरांना लावली की गोंधळ होतो. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये तो दाखवून दिला. लहान मुलांच्या ५० स्थलांतरित चिनी आणि ५० युरोपीय वंशाच्या अमेरिकन आयांना त्यांनी प्रश्नावल्या दिल्या. चिनी आया हुकूमशाहीच्या मापात वर निघाल्या. पण मुलाला मेहनतीचं वळण लावणं, सतत त्याच्याजवळ असणं, त्याच्यासाठी झिजणं हे वेगळं विचारलं, तेव्हा त्यातही त्याच वर होत्या.

‘अभ्यास झाल्याशिवाय टीव्ही नाही’ हा नियम घ्या. एका घरात आई भाजी निवडत मुलाशेजारी बसते, अडलेलं गणित सोडवून देते. दुसऱ्या घरात आतून ओरडून दार आपटलं जातं. प्रश्नावलीत दोन्हीकडे ‘कडक’वरच खूण पडते. मुलाच्या वाट्याला मात्र दोन वेगळ्या गोष्टी येतात. चाओंच्या अभ्यासातून छडीचं समर्थन कुठेही निघत नाही.

आणि हे ‘मारतात म्हणून पहिली येतात’ कुठून आणलं? सू योंग किम आणि सहकाऱ्यांनी ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं मागोवा घेऊन २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत जास्त पालक आधार देणारे निघाले. माया आणि शिस्त भरपूर, ओरडणं-लाजवणं कमी. त्यांच्या मुलांचे गुणही चांगले होते. माया आणि शिस्तीच्या जोडीला ओरडणं-लाजवणंही भरपूर असलेल्या ‘वाघ’ पालकांची मुलं त्यांच्या तुलनेत गुणांत मागे होती, शिवाय जास्त उदास आणि घरापासून तुटलेली.

पिढ्या घडल्याचं म्हणाल, तर मार खाऊन शाळा सोडलेल्यांची मोजदाद त्यात कुणी धरत नाही.

‘आपल्याकडे चालतं’ याचीही तपासणी झाली आहे. जेनिफर लॅन्सफर्ड यांच्या २००५ च्या सहा देशांतल्या अभ्यासात भारतही होता. मारणं जिथे सर्रास मानलं जातं, तिथे दुष्परिणामांशी त्याचा संबंध कमी तीव्र दिसला. पण तिथेही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि चिंताग्रस्तच आढळली. आधीपासून दंगेखोर असलेल्या मुलालाच जास्त मार बसत असेल, हीही शक्यता आहे. मारामुळे मूल सुधारलं, असं मात्र या आकड्यांतून कुठल्याच बाजूने निघत नाही.