सेलच्या काउंटडाऊन मेलवाला तो फॉरवर्ड

"इयर एंड क्लिअरन्सला १० दिवस आधीपासून अख्ख्या लिस्टला रोज मेल टाका, 'इतके दिवस बाकी' म्हणत. अनसबस्क्राइबची लिंक बारीक ठेवा. शेवटच्या रात्री 'लोकांच्या आग्रहास्तव सेल २ दिवस वाढवला' हा मेल टाकाच."

हे काल मावशीने पाठवलं. नौपाड्यात तिचं चादरी-पडद्यांचं दुकान आहे, यंदा ऑनलाइन ऑर्डरही घेते, आणि ती हे खरंच करायला निघाली होती म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट आहे तो शेवटचा मेल. आधीच ठरवून ठेवलेली मुदतवाढ म्हणजे ३१ तारीख खोटी होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, यादी काढली, त्यात पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा आहे, आणि ते नियम विक्रेत्यांनाही लागू आहेत. शिवाय जिने ३१ ला धावपळ करून ऑर्डर दिली तिला १ तारखेला तोच भाव दिसला की पुढच्या डिसेंबरात ती तुमच्या तारखेवर विश्वास ठेवेल का?

लिंक लपवली तर लोक शोधत बसत नाहीत, सरळ स्पॅम दाबतात. गूगलच्या नियमात स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. मावशीच्या ३,००० लोकांना मेल पोचला आणि ९ जणांनी स्पॅम दाबलं की ती मर्यादा गाठली, मग ३१ चा महत्त्वाचा मेलच स्पॅममध्ये जाऊ शकतो.

शेवटच्या दिवशी ऑर्डरी वाढतात हे मात्र खरं, मान्य आहे. पण त्यासाठी १० मेल कशाला, मावशीला आम्ही चारच लावून दिले. सेल २७ ते ३१. २५ ला फक्त जुन्या गिऱ्हाइकांना आगाऊ खबर. २७ ला सगळ्यांना, भावासकट. २९ ला काय उरलंय ते, म्हणजे डबल बेडच्या चादरी संपल्या असतील तर तसं स्पष्ट, नाहीतर लोक लिंक उघडून वैतागतात. ३१ ला दुपारी शेवटचा, तोही ज्यांनी आधीच्या मेलमधली लिंक उघडली पण घेतलं नाही त्यांनाच. ज्याने ऑर्डर दिली त्याचं नाव त्याच दिवशी उरलेल्या मेलमधून काढायचं, हे राहिलं की कालच पैसे भरलेल्या माणसाला 'अजून घेतलं नाहीत?' जातं.

आणि विषयात 'उद्या शेवटचा दिवस' लिहू नका. ३० चा मेल कोणी ठाणे लोकलमध्ये ३१ ला उघडला तर त्याच्या हिशोबाने सेल १ तारखेला संपतो. '३१ डिसेंबर, रात्री ९ पर्यंत' असंच लिहा. मावशीच्या चारही मेलमध्ये हीच ओळ आहे आणि ९ वाजता साइटवरचे भाव खरंच परत चढणारेत.