पहाटे पाच वाजता अख्खा देश उजवीकडे

परवा मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, आपल्याकडे पोलीस नसतील तर लोक डावीकडूनसुद्धा गाडी चालवणार नाहीत. मी म्हटलं अरे, सिग्नल आणि हेल्मेटचं मान्य, पण डाव्या बाजूचा नियम पोलिसांमुळे टिकलेलाच नाही. रात्री दोन वाजता गावाकडच्या सिंगल रोडवर पोलीस सोड, कुत्रंही नसतं, तरी समोरून ट्रकचे दिवे दिसले की आपण गपगुमान डावीकडे सरकतो, कारण तोही त्याच्या डावीकडे सरकणार हे माहितीये. गेम थिअरीत याला कोऑर्डिनेशन गेम म्हणतात. सगळे डावीकडे, मस्त. सगळे उजवीकडे, तेही तितकंच मस्त. मधलं काहीही म्हणजे ठोकाठोकी.

आता समजा उजवी बाजू जास्त सोयीची निघाली, तर हळूहळू बदलता येईल का? समोरून येणाऱ्या 100 गाड्यांपैकी 10 जणांनी उजवीकडून चालवायला घेतलं असं धरू. मीही उजवीकडून निघालो तर 90 गाड्या माझ्या तोंडावर येणार, डावीकडे राहिलो तर फक्त 10. मग मी डावीकडेच राहणार ना, आणि ते 10 जण वाचले तर परत डावीकडे येणार. बरोब्बर 50-50 झालं तर दोन्ही बाजू सारख्याच धोक्याच्या, पण तिथे कुणी टिकत नाही, एक-दोन गाड्या इकडच्या तिकडे झाल्या की सगळा लोंढा त्याच बाजूला जातो. म्हणजे हा उंबरठा एका उडीतच ओलांडावा लागतो.

स्वीडनने ती उडी मारली, 1967 साली. तोपर्यंत ते डावीकडून चालवायचे, पण शेजारचे नॉर्वे, फिनलंड उजवीकडून, आणि गंमत म्हणजे स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डाव्या बाजूला, म्हणजे उजवीकडून चालवायला सोयीचं. त्यामुळे अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसायचंच नाही. एवढं असूनही 1955 च्या सार्वमतात सुमारे 83 टक्के लोक ‘नको’ म्हणाले. मला ते मूर्ख वाटत नाहीत. बदलण्याचा खर्च आणि भीती उद्याची, फायदा नंतरचा, आणि आहे ते चाललंय की!

संसदेने 1963 मध्ये तरीही निर्णय घेतला. तारीख ठरली 3 सप्टेंबर 1967, रविवार. रात्री एकपासून सहापर्यंत खाजगी गाड्यांना बंदी, रस्त्यावर फक्त गरजेची वाहनं. आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग: 4 वाजून 50 मिनिटांनी रस्त्यावर जो असेल त्याने थांबायचं, सावकाश उजवीकडे यायचं आणि तिथे पुन्हा थांबायचं. पाच वाजले की निघायचं.

ती दहा मिनिटं उगाच नव्हती. नवा नियम मला माहीत असून भागत नाही, तो समोरच्यालाही माहीत आहे याची मला खात्री हवी, आणि मला माहीत आहे याची त्याला. मी उजवीकडे थांबलोय, समोरचा त्याच्या उजवीकडे थांबलाय, दोघं एकमेकांना बघतायत, मग विषयच संपला. आधीचा गाजावाजाही त्याचसाठी, दुधाच्या खोक्यांपासून अंडरवेअरपर्यंत सगळीकडे त्या दिवसाचा ‘H’, म्हणजे ‘उजवीकडे’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दाचं पहिलं अक्षर, छापला होता, गाण्याची स्पर्धासुद्धा घेतली! आपण हसू, पण शेजाऱ्यानेही ते बघितलंय हे प्रत्येकाला कळणं महत्त्वाचं होतं.

पुढे काय झालं? लगेचच्या सोमवारी अपघात नेहमीच्या सोमवारपेक्षा थोडे कमीच, कारण सगळेच टरकून चालवत होते. दोनेक वर्षांत भीती गेली आणि आकडे पुन्हा पूर्वीच्या पातळीला आले. फुकट मात्र काही झालं नाही. साडेतीन लाखांच्या आसपास पाट्या बदलल्या, बसचे दरवाजे दुसऱ्या बाजूला घ्यावे लागले, स्टॉकहोम शहरातल्या बहुतेक ट्राम तेव्हाच बंद केल्या.

आणि याची उलटी गोष्ट आपल्या शेजारी आहे. पोर्तुगालने 1928 मध्ये उजवी बाजू धरली, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालायचा. लिस्बनपेक्षा सावंतवाडीकडून येणारी गाडी जवळची, दुसरं काय.

मग मित्राने हुकमाचा एक्का टाकला, ‘आणि आपले राँग साइडवाले?’ बरोबर आहे, पण तो वेगळा खेळ आहे. डिव्हायडरचा कट अर्धा किलोमीटर लांब, म्हणून उलट येणाऱ्याला माहीत असतं की बाकीचे सगळे नियमाने येतायत आणि तेच ब्रेक मारतील. बाकीच्यांनी नियम पाळणं हाच त्याचा फायदा, सगळेच उलटे आले तर तोही अडकेल. तिथे दंडच लागतो. एवढ्यापुरता मित्र बरोबर, आणि चहाचे पैसे मी दिले.