हेडसाहेबांचं नेमकं पद

वरच्या पदावरच्या माणसाला खालचे तपशील माहीत नसतात. हा टोमणा नाही. मनुष्यबळ विभागात बसून वर्षानुवर्षं लोकांचे बायोडेटा वाचल्यावर आलेलं हे शहाणपण आहे. विभागप्रमुखाला विचारा, की माल का अडकला? तो म्हणेल, ‘सिस्टिमिक इश्यू आहे, टीम बघतेय.’ गाडी कुठल्या फाटकावर उभी आहे, कागदावर कुणाची सही राहिलीय आणि तो सहीवाला नेमका कधी जेवायला जातो, हे सगळं ज्याला तोंडपाठ असतं तो प्रमुख नसतो. त्याच्यामुळे प्रमुखाची नोकरी टिकलेली असते.

आता माझी पंचाईत बघा. ॲपवर ओळख झालेला, बोलायला गोड, वेळेवर येणारा, माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारा असा एक माणूस मला आवडायला लागला होता. प्रोफाइलवर लिहिलं होतं, ‘ऑपरेशन्स हेड’. आणि हा ऑपरेशन्स हेड मला सुरुवातीच्याच एका भेटीत सहीवाला कधी जेवायला जातो ते सांगत होता.

मी कान टवकारले. एवढ्यावरून निकाल देणं बरं नव्हे, हेही मला धंद्यामुळेच माहीत आहे. पदनामांइतकी लबाड गोष्ट दुसरी नाही. बँकांमध्ये ‘व्हाइस प्रेसिडेंट’ बऱ्याचदा मधल्या फळीतला असतो, अध्यक्षांचं आणि त्याचं दर्शन वर्षातून एकदा, तेही पडद्यावर. ‘रिलेशनशिप मॅनेजर’च्या हाताखाली कुणी नसलं तरी तो मॅनेजरच. छोट्या कंपनीत सगळा विभाग म्हणजे एकच माणूस, मग त्याने स्वतःला हेड म्हटलं तर खोटं ते काय? तेव्हा संशयाचा फायदा देऊन मी नुसती ऐकत राहिले.

ऐकण्यात एक गंमत असते. फुगवलेलं पद नामांमध्ये दिसतं आणि खरं पद क्रियापदांमध्ये. ‘माझी टीम’, ‘माझं बजेट’, ‘माझा विभाग’ ही नामं. पण वाक्य पुरं करताना स्वारी म्हणायची, ‘मग मी वर पाठवलं’, ‘मला सांगितलं की उद्या ये’, ‘रजा अजून मंजूर व्हायचीय’. मधेच फोन आला की ‘हो सर, लगेच करतो सर’. साहेबालाही साहेब असतो, मान्य. पण त्या ‘लगेच’मध्ये जी चपळाई होती ती प्रमुखांच्यात मी पाहिलेली नाही. प्रमुख ‘बघतो’ म्हणतात.

हे मी ताईला सांगितलं, ही झाली पुढच्या रामायणाची सुरुवात. ताईने फोन ठेवायच्या आत त्याचं नाव एका नोकरीच्या साइटवर शोधून काढलं. तिथे तो ‘सहायक समन्वयक’ होता. पान अलीकडेच अद्ययावत केलेलं होतं. म्हणजे जिथे सहकारी बघतात तिथे सहायक, आणि जिथे मी बघते तिथे हेड! ताई म्हणाली, ‘आता काही बोलू नकोस. साळसूदपणे विचार, तुझ्या हाताखाली किती माणसं आहेत गं… अहो? काय म्हणतेस तू त्याला? काही का असेना. आकडा सांगितला की स्क्रीनशॉट समोर धर.’

ताईचा हा बेत म्हणजे पोलीस तपासातली मान्यवर पद्धत आहे. पुरावा आधी हातात ठेवायचा, संशयिताला मोकळं बोलू द्यायचं, त्याचं बोलणं आणि पुरावा जुळेनासे झाले की मग पत्ता टाकायचा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात ही पद्धत शिकवलेल्या प्रशिक्षणार्थी पोलिसांनी खरं कोण आणि खोटं कोण हे सुमारे 85 टक्के वेळा बरोबर ओळखलं, न शिकवलेल्यांनी सुमारे 56 टक्के. म्हणजे न शिकलेल्यांनी नाणं उडवलं असतं तरी फार बिघडलं नसतं. ताई कुठेही न शिकता पहिल्या गटात बसते.

पण तपास अधिकाऱ्याला विसंगती हवी असते, आणि मला? मला त्याच्याकडून खरं हवं होतं. उत्तर ठाऊक असताना भोळेपणाने प्रश्न विचारला, की समोरचा पहिल्या खोट्याला धरून दुसरं बोलतो. पहिलं खोटं त्याने अनोळखी जगासाठी लिहिलेलं असतं. दुसरं तो माझ्या डोळ्यांत बघून बोलणार, आणि ते बोलायला मी त्याला भाग पाडलेलं असणार. पहिलं एक वेळ मी सोडूनही दिलं असतं. दुसरं मला सोडून देता आलं नसतं. सापळ्यात सापडलेला माणूस घरी आणून करायचं काय, हा प्रश्न ताईने विचारातच घेतला नव्हता.

दुसरीकडे माझी मैत्रीण अगदी उलट्या टोकाची. ‘सोड ना, सगळेच फुगवतात,’ हे तिचं म्हणणं. यातही तथ्य आहे. 2008 च्या एका अमेरिकन अभ्यासात ऑनलाइन डेटिंग करणाऱ्या 80 जणांची उंची टेपने मोजली, वजन काट्यावर केलं, वय ओळखपत्रावर तपासलं आणि प्रोफाइलशी ताडून पाहिलं. दहातल्या सुमारे आठांनी कुठे ना कुठे फेरफार केलेला होता. फरक मात्र बहुतेकांचे एवढेएवढेसे, समोरासमोर नजरेत न भरणारे. कारण उघड आहे, भेटायचंय हे त्यांना ठाऊक होतं. वयात सगळ्यात कमी फेरफार, पुरुष उंचीत वाढवणारे आणि बायका वजनात घटवणाऱ्या. तेव्हा मैत्रिणीचा मुद्दा असा, की हेड ही त्याची दोन बोटं जास्त सांगितलेली उंची आहे, असं धरून चाल.

मला ते पटेना. उंची भेटीत आपोआप दुरुस्त होते, डोळे असतात की. नोकरी आणि पगार दुरुस्त होत नाहीत, उलट रोजच्या गप्पांत त्यांच्यावर मजले चढतात. आज हेड, मग हेडला शोभेल असं बिल एकट्याने देणं, मग हेडला परवडेल असं घर बघायला जाणं. या सगळ्याचा खर्च सहायक समन्वयकाच्या पगारातून. लवकर विचारायचं ते एवढ्यासाठी: इमारत तळमजल्यावर असताना.

एक तपासणी मात्र मी आधी केली, आणि तिच्यात विनोद नाही. नोकरीच्या थापेमुळे त्याला भेटता येत नाही का? जहाजावर, समुद्रातल्या तेलविहिरीवर, परदेशी मोहिमेवर, आणि व्हिडिओ कॉलला नेटवर्क कायम आजारी? पैशांचा विषय निघालाय का, उसने, अडकलेले, गुंतवायचे? यातलं काही असेल तर विषय कसा काढावा यावर डोकं लावायचंच नाही. बोलणं तिथेच थांबवायचं, पैसे द्यायचे नाहीत आणि ॲपवर तक्रार करून मोकळं व्हायचं. तिथे पद फुगवलेलं नसतं, माणूसच बनावट असतो. माझा गडी तर नको तितका हजर होता, आणि पैसे माझ्याकडून घ्यायलाच तयार नव्हता.

मग मसुदे सुरू झाले. मेसेज लिहिला, तो कारणे दाखवा नोटिशीसारखा वाटला. ‘आपल्या प्रोफाइलवरील पदनाम व अन्यत्र नमूद पदनाम यांत तफावत आढळते’ हे वाक्य मी खरंच लिहिलं होतं. व्यवसायाचा शाप, दुसरं काय. त्यात हसरा चेहरा टाकला तर नोटीस टिंगलीसारखी दिसायला लागली. लेखी विचारलं तर तो लेखी उत्तर देणार, म्हणजे विचार करून, खोडून, मित्राला दाखवून. मला मित्राचं उत्तर नको होतं.

तेव्हा समोरासमोर. पण टेबलाच्या दोन बाजूंना बसून हा विषय काढला की मुलाखत होते, आणि त्या खुर्चीचा मला सराव असल्याने तर नक्कीच. म्हणून चालताना, शेजारीशेजारी, दोघांचीही नजर रस्त्यावर. भेटीच्या शेवटी नको, नाहीतर तो उत्तर देऊन पळेल किंवा न देता पळेल. वाक्यही ठरवलं. त्यात प्रश्न नाही, ‘खोटं’ हा शब्द नाही, आणि मला कसं कळलं ते लपवलेलं नाही.

मी म्हटलं, ‘तुझ्या प्रोफाइलवर हेड आहे. दुसऱ्या साइटवर सहायक समन्वयक दिसलं, आम्ही शोधलं होतं. आणि तू कामाबद्दल बोलतोस त्यावरून मला ते दुसरंच खरं वाटतं. मला त्या कामाची काही अडचण नाही. नेमकं काय ते तुझ्याकडून ऐकायचंय.’

आणि गप्प बसले. हा भाग सगळ्यात अवघड. शांतता वाढली की आपणच ‘म्हणजे तसं काही नाही, चालतं गं… रे’ असं म्हणून त्याचं उत्तर आपल्या तोंडाने देऊन टाकतो. मी दातांवर दात ठेवून चालत राहिले. तो काय बोलेल यापेक्षा कशाने सुरुवात करेल याकडे माझं लक्ष होतं. ‘तू माझी चौकशी करतेस?’ ही सुरुवात असती, तर पुढचं ऐकायची गरज नव्हती. पद नाही म्हणून नव्हे, तर पुढच्या प्रत्येक विषयात आरोपी मीच ठरणार म्हणून. ‘ते मित्राने लिहिलं’ असतं तर मी मित्राचा नंबर मागितला असता.

तो म्हणाला, ‘हेड सोडून गेले. काम सगळं मीच बघतो. पद देऊ म्हणालेत.’ मग थोडं चालून, ‘केव्हापासून म्हणतायत ते विचारू नकोस. लिहिताना वाटलं, होईलच तोवर.’ म्हणजे प्रोफाइल हे त्याचं वर्तमान नव्हतं, आश्वासन होतं, आणि तेही व्यवस्थापनाच्या भरवशावर दिलेलं. मनुष्यबळ विभागातली बाई म्हणून मला त्या क्षणी शरमल्यासारखं झालं. अशी आश्वासनं लिहून कोण देतं, ते मला ठाऊक आहे.

‘पगार?’ मी विचारलं.

‘सहायकाचा.’

‘वय?’

‘खरंय.’ आणि मग न विचारता, ‘उंचीत थोडं आहे.’

उंची मी पहिल्याच भेटीत पाहिली होती, ती नोंद बंद केली. प्रोफाइलचं काय करायचं ते मी त्याला सांगितलं नाही, पण रात्री त्याने स्वतःहून बदललं. तिथे आता आहे: ‘सहायक समन्वयक, हेडचा अतिरिक्त कार्यभार, पदोन्नती प्रलंबित.’

ताईला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, एवढं खरं लिहिणाऱ्याला बढती कोण देणार?’