सीव्हीव्ही खरवडून टाकण्याचा सल्ला आणि दुकानदाराची वही

«सीव्हीव्ही म्हणजे कार्डाचा दुसरा पिनच. तो कार्डावरच छापणं म्हणजे कुलपाला किल्ली बांधून ठेवणं. कार्ड हातात आलं की आधी ते तीन आकडे खरवडून टाका. दुकानदारांना तो साठवायला बंदी आहे म्हणतात, पण ॲप दुसऱ्या वेळी विचारत नाही, म्हणजे साठवलेला असतोच. आणि एन्क्रिप्ट करून ठेवला तर बिघडलं कुठं?»

असा सल्ला ऐकू येतो, पण पिन आणि सीव्हीव्ही एक नाहीत. पिन फक्त मालकाच्या डोक्यात असतो आणि मशीनसमोर उभा असलेला माणूस मालक आहे का, हे तो सांगतो. सीव्हीव्हीचं काम त्याहून लहान आहे. फोनवर किंवा वेबसाइटवर खरेदी होते तेव्हा चिप वाचली जात नाही आणि चुंबकीय पट्टीही फिरवली जात नाही. बँकेला नुसते आकडे मिळतात. ते देणाऱ्याने निदान खरं कार्ड डोळ्यांनी पाहिलं आहे का, एवढंच सीव्हीव्हीवरून कळतं. कार्डाशिवाय तो इतरत्र कुठे सापडू नये, म्हणूनच तो कार्डावर छापलेला असतो.

मूळ कार्डच चोरीला गेलं तर सीव्हीव्ही काही वाचवत नाही, हे खरं आहे. त्यासाठी कार्ड ब्लॉक करायचं असतं, आणि भारतात ऑनलाइन खरेदीला १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने दुसरी पडताळणी सक्तीची केली, तीच आपण आज बहुतेक वेळा ओटीपीच्या रूपात पाहतो. सीव्हीव्ही आहे तो वेगळ्या चोरासाठी: ज्याच्याकडे कार्ड नाही, फक्त कार्डाचा नंबर आहे. आणि नंबर फुटायला वाटा पुष्कळ होत्या. उठावदार आकड्यांची कार्डं कार्बनवर दाबून पावती काढत, तेव्हा नंबर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राही. पुढे एटीएमच्या फटीत बसवलेलं चोरटं यंत्र तो पट्टीवरून उचलू लागलं. म्हणून सीव्हीव्ही सपाट छापतात, तो कार्बनवर उठत नाही, आणि पट्टीवर लिहीतही नाहीत.

इथे बहुतेकांची गफलत होते. पट्टीवरही तीन आकडी कोड असतो, चिपमध्येही असतो, पण तिन्ही कोड वेगळे. पट्टीवरची एक ओळ नमुन्यादाखल पाहू (कार्ड नंबर चाचणीचा आहे, शेवटचा भाग काल्पनिक):

```
;4111111111111111=27122010000012300000?
```

बरोबरच्या चिन्हाआधी कार्ड नंबर आहे. नंतरचे 2712 म्हणजे डिसेंबर २०२७ ही मुदत, आणि 201 हा सर्व्हिस कोड. कार्डात चिप आहे, ते परदेशात चालतं, असं तो मशीनला सांगतो. बँकेचं सुरक्षा यंत्र कार्ड नंबर, मुदत आणि सर्व्हिस कोड एकत्र करून आपल्या गुप्त किल्ल्यांनी त्यांचं गणित करतं आणि निकालातून तीन आकडे काढतं. पट्टीसाठी या गणितात खरा 201 घेतात, छापायच्या कोडासाठी 000, चिपच्या कोडासाठी 999. एवढ्याच फरकाने तीन वेगळी उत्तरं येतात. त्यामुळे पट्टी पूर्ण नक्कल करणाऱ्यालाही छापलेला कोड मिळत नाही, आणि बँकेच्या किल्ल्यांशिवाय तो मोजूनही काढता येत नाही. तुम्ही आकडे टाकले की बँक तेच गणित पुन्हा करून ताडून पाहते.

आता दुकानदाराकडे येऊ. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे: व्यवहाराला मंजुरी मिळाल्यावर सीव्हीव्ही ठेवायचा नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. कार्ड नंबर मात्र नीट जपला तर या नियमावलीनुसार ठेवता येतो. मग सीव्हीव्हीवरच एवढा कडकपणा का? कारण त्याची सगळी किंमत ‘हा कुठल्याच साठ्यात नसतो’ या गोष्टीवर उभी आहे. एन्क्रिप्ट केलेला माल उघडणारी किल्ली त्याच दुकानाच्या सर्व्हरवर कुठेतरी असते. आत शिरलेल्याला दोन्ही मिळाले, की नंबर आणि सीव्हीव्ही जोडीनेच बाहेर पडतात. शिवाय मंजुरीनंतर दुकानाला त्याचा उपयोगही नसतो. पैसे परत करायला तो लागत नाही, आणि दर महिन्याच्या वर्गणीला पहिल्या मंजूर व्यवहाराचा संदर्भ पुरतो.

नियम मोडला जातो तो बहुधा हेतूने नाही, विसरून. ब्रिटिश एअरवेजचं प्रकरण याचा पक्का नमुना आहे. २०१८ मध्ये हल्लेखोर कंपनीच्या यंत्रणेत शिरले तेव्हा त्यांना लॉग फाइल, म्हणजे यंत्रणेने आपोआप लिहिलेल्या नोंदी, सापडल्या, त्यांत कार्डांचे तपशील साध्या मजकुरात होते, बहुतेकांचे सीव्हीव्हीसुद्धा. ही नोंद चाचणीपुरती होती, पण प्रणाली ग्राहकांसाठी चालू झाली तरी ती बंद करायची राहिली आणि डिसेंबर २०१५ पासून चालूच होती. लॉग ९५ दिवसांनी पुसले जात, म्हणून एका वेळी हाती लागण्याजोगी कार्डं सुमारे १ लाख ८ हजार होती. ती जोडी ठेवायची कुणाला गरजच नव्हती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये २ कोटी पौंडांचा दंड केला.

याच प्रकरणात नियमाची मर्यादाही दिसते. हल्लेखोरांनी वेबसाइटच्या पानात स्वतःचा कोड घुसवला, आणि ग्राहक टाइप करत असतानाच माहिती त्यांच्याकडे जात राहिली. न साठवलेलंही असं पळवता येतं. पण तेव्हा चोराला त्या दिवसांत खरेदी करणारेच मिळतात, मागचा साठा मिळत नाही.

ॲप दुसऱ्या वेळी विचारत नाही त्याचं कारण टोकन आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदाराला कार्ड नंबरसुद्धा ठेवता येत नाही. ओळख पटवण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव चालतं. तुम्ही ओटीपी देऊन कार्ड ‘सेव्ह’ केलंत की व्हिसा किंवा रुपेसारखं कार्ड नेटवर्क त्या दुकानापुरता वेगळा नंबर, म्हणजे टोकन, देतं, आणि प्रत्येक व्यवहारासोबत एकदाच चालणारा संकेत जातो. तो संकेत सीव्हीव्हीपेक्षा भक्कम आहे, म्हणून सीव्हीव्ही विचारण्याची गरज उरत नाही. काही परदेशी वेबसाइट मात्र टोकन नसतानाही सीव्हीव्ही मागत नाहीत. तो त्या दुकानाचा निर्णय, आणि फसवणुकीची जोखीमही बरीचशी त्याचीच.

अशा वेबसाइटवर खरवडलेलं कार्डही तितकंच उघडं असतं, म्हणून तो उपाय तोकडा पडतो. हॉटेलात कार्ड वेटरच्या हाती जातं तेव्हा कोडावर चिकटपट्टी लावणं ठीक आहे, फोटो काढणाऱ्याला ते आडवं येतं. पण खरवडून तोच कोड मोबाइलमध्ये कार्ड नंबरशेजारी लिहून ठेवला, तर नको असलेला साठा तुम्हीच तयार केला. त्यापेक्षा बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार यांची बटणं वेगवेगळी आहेत. परदेशी बंद ठेवा, लागेल तेव्हा उघडा, मर्यादा लावा.

आणि एखाद्या हॉटेलने आरक्षणासाठी सीव्हीव्हीसकट कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला, किंवा छापील फॉर्मवर त्यासाठी रकाना ठेवला, तर पेमेंट लिंक मागा. तो फोटो मंजुरीनंतरही फोनमध्ये राहतो, फॉर्म फाइलमध्ये जातो, आणि फोनवर सांगितलेला सीव्हीव्ही कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये उरतो. नियमाच्या लेखी हे तिन्ही साठवणंच आहे.