कपाशीच्या रानातला जिवाणू आणि १६-एस रिपोर्ट

«मातीतला कोणताही अनोळखी जिवाणू ओळखायला आता मायक्रोस्कोपची आणि जैवरासायनिक चाचण्यांची गरज नाही. पीसीआर करा, १६-एस सिक्वेन्स काढा, ब्लास्टमध्ये टाका. ९९ टक्क्यांच्या वर जे नाव पहिले दिसेल तीच त्याची प्रजाती. नाव बीटीचे आले, तर तेच कल्चर गुळाच्या पाण्यात वाढवून कपाशीवर फवारा.»

हा संदेश माझ्यापर्यंत तीन जणांकडून आला. त्यातली पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, १६-एस म्हणजे जिवाणूच्या रायबोसोमच्या आरएनएचे जनुक, ब्लास्ट म्हणजे त्याचा सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहणारा प्रोग्राम, आणि बीटी म्हणजे अळीला मारणारा बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा जिवाणू. संदेश पाठवणाऱ्यांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यातले कापूस उत्पादक आहेत. त्यांची मुलगी आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि त्यांच्याच रानातल्या काळ्या मातीतून तिने एक जिवाणू वेगळा केला होता. त्यामुळे उत्तर त्याच जिवाणूवरून देतो.

तिने माती निर्जंतुक पाण्यात मिसळून ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवली, म्हणजे बीजाणू करणारे तेवढे जिवाणू तगले, आणि मग ते पाणी न्यूट्रियंट अगारवर पसरले. दुसऱ्या दिवशी चपट्या, निस्तेज पांढऱ्या, कडा कातरल्यासारख्या दिसणाऱ्या वसाहती आल्या. ग्रॅम रंजनात साखळीने जोडलेल्या जांभळ्या दंडुक्या दिसल्या. २७-एफ आणि १४९२-आर ही नेहमीची प्रायमरची, म्हणजे पीसीआर सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, जोडी वापरून १६-एस जनुकाचा सुमारे १५०० अक्षरांचा तुकडा वाढवला आणि तो सिक्वेन्सिंगसाठी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्टच्या पहिल्या ओळीत बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, ९९.९ टक्के, असे होते. संदेशाच्या हिशेबाने काम इथेच संपायला हवे होते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत बॅसिलस सेरियस होता आणि टक्केवारी तीच होती. गुण समान असलेल्या नोंदींत कोणती वर येते याला जीवशास्त्रीय अर्थ काहीच नसतो. शिवाय सार्वजनिक साठ्यातल्या पुष्कळ नोंदींवरचे नाव पाठवणाऱ्याने स्वतः ठरवलेले असते. म्हणून तुलना करायची ती प्रजातीच्या प्रमाणित मूळ वाणाशी.

टक्केवारीचा अर्थ नीट समजून घेणे इथे सर्वांत आवश्यक आहे. वाचलेली १४०० अक्षरे धरली, तर ९९.९ टक्के म्हणजे साधारण एका अक्षराचा फरक. आता सेरियसच्या प्रमाणित वाणात या जनुकाच्या १३ प्रती आहेत, आणि एकाच पेशीतल्या अशा प्रतींमध्येही कधी एखादे अक्षर वेगळे असते. म्हणजे जो फरक एका पेशीच्या पोटात मावतो, त्यावर दोन प्रजाती वेगळ्या करता येत नाहीत. प्रजातीची सीमा म्हणून १९९४ पासून ९७ टक्के आणि पुढे २०१४ मध्ये ९८.६५ टक्के हे आकडे सुचवले गेले, पण त्या सीमेचा उपयोग एकाच दिशेने होतो. जुळणी तिच्या खाली गेली, तर जिवाणू बहुधा वेगळ्या प्रजातीचा आहे असे म्हणता येते. वर गेली, तर तो त्याच प्रजातीचा आहे असे म्हणता येत नाही. रायबोसोम हे प्रथिने तयार करणारे यंत्र, त्यामुळे त्याचे जनुक फार सावकाश बदलते. म्हणूनच १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांना रायबोसोमच्या आरएनएवरून सजीवांच्या अतिदूरच्या नात्यांचा माग काढता आला. जे अब्जावधी वर्षांचे अंतर मोजायला योग्य ठरते, ते कालपरवा वेगळ्या झालेल्या भावंडांना ओळखायला अपुरे पडते. सेरियस, थुरिन्जिएन्सिस आणि जनावरांत फाशी रोग करणारा अँथ्रॅसिस ही अशीच भावंडे आहेत.

त्यातही बीटीचे बीटीपण या जनुकात नाहीच. अळीला मारणारे स्फटिकी प्रथिन तयार करणारी क्राय जनुके बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए वलयावर असतात. ते प्लाझ्मिड पेशीतून निघून गेले, तरी १६-एसचा सिक्वेन्स अक्षरनुअक्षर तोच राहतो.

म्हणून ज्या मायक्रोस्कोपला संदेशाने निरोप दिला आहे, त्याच्याचकडे आम्ही परत गेलो. कल्चर ३० अंशांवर तीन दिवस ठेवले, म्हणजे पेशींनी बीजाणू धरले, आणि स्लाइड प्रथिनाला धरणाऱ्या कूमासी निळ्या रंगाने रंगवली. बीटी असेल, तर बीजाणूशेजारी गडद निळा, बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराचा स्फटिक दिसतो. आमच्याकडच्या प्रमाणित बीटी वाणाच्या स्लाइडवर तो स्पष्ट दिसला. रानातल्या जिवाणूच्या चार स्लाइड त्या मुलीने दोन दुपारी बसून पाहिल्या. बीजाणू भरपूर होते, स्फटिक एकही नव्हता. वारंवार उपकल्चर करताना प्लाझ्मिड हरवू शकते, म्हणून पहिल्या प्लेटपासून जपून ठेवलेल्या कल्चरवर क्राय-१ आणि क्राय-२ जनुकांसाठी वेगळी पीसीआर केली. प्रमाणित वाणात जनुक असल्याचा पट्टा आला, आमच्यात आला नाही. क्राय जनुकांचे प्रकार पुष्कळ आहेत, त्यामुळे या दोन चाचण्यांनी बीटीची शक्यता पूर्ण मिटत नाही. पण अळीवर चालणारे कल्चर म्हणून त्याच्याकडे पाहण्याला आता कोणताच आधार उरला नाही.

पीसीआरमध्ये सिक्वेन्सच्या आधीच होणारी एक चूकही सांगायला हवी, कारण संदेशात तिचा उल्लेखच नाही. २७-एफ आणि १४९२-आर ही जोडी जवळपास कोणत्याही जिवाणूच्या डीएनएला चिकटते, मग तो डीएनए पाण्यातला असो, हातमोज्यावरचा असो, की बहुधा ई. कोलायमध्ये तयार केलेल्या, पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमसोबत आलेला असो. म्हणून प्रत्येक वेळी एक नळी नमुन्याशिवाय चालवावी लागते. आमच्या पहिल्या खेपेला त्या रिकाम्या नळीतही १५०० अक्षरांच्या जागी फिकट पट्टा आला. तेव्हा सगळे मिश्रण टाकून दिले, नवे पाणी घेतले आणि पीसीआरची चक्रे ३५ वरून ३० वर आणली. वसाहत शुद्ध नसेल, तर तेही सिक्वेन्सिंगच्या आलेखावर कळते: एका शिखराखाली दुसरे शिखर दिसू लागते आणि सॉफ्टवेअर A किंवा G ऐवजी R असे अक्षर टाकते. अशी अक्षरे सुरुवातीपासून पसरलेली असतील, तर ब्लास्टकडे न जाता पुन्हा रेघ ओढून एकटी वसाहत वेगळी करावी. ती एखाददुसऱ्या ठिकाणीच असतील, तर जनुकाच्या प्रतींमधला फरक असण्याची शक्यता जास्त.

फवारणीच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त काळजी वाटते. सेरियसचे अनेक वाण अन्नातून विषबाधा करतात. उलटी आणि जुलाब घडवणारी विषे ते तयार करतात. गुळाच्या पाण्याच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये असा जिवाणू वाढवून उघड्या हातांनी पंप भरणे म्हणजे अळीसाठी काही न करता माणसाला धोक्यात घालणे आहे. आणि जिवाणू मातीऐवजी अचानक मेलेल्या जनावराच्या रक्तातून आलेला असेल, तर तो महाविद्यालयात वाढवूच नये. जनावराला हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

१६-एसने आम्हाला जे सांगितले ते खरेच उपयोगाचे होते. जिवाणू बॅसिलस वंशाचा आणि सेरियस गटातला आहे, हे त्याने एका दमात निश्चित केले. केवळ जैवरासायनिक चाचण्यांवर तिथवर यायला बरेच दिवस लागले असते. त्यापुढे तो मेंढीच्या रक्ताच्या अगारवर रक्तपेशी फोडतो आणि हलतो हे दिसल्यावर अँथ्रॅसिसची शंकाही मागे पडली, कारण अँथ्रॅसिस सहसा यांपैकी काहीच करत नाही.

त्या मुलीने कल्चरच्या नळीवर आधी लिहिलेले नाव खोडून नवी चिठ्ठी लावली: «बॅसिलस सेरियस गट, स्फटिक आढळले नाहीत, क्राय-१, क्राय-२ नकारात्मक.» तिच्या वडिलांनी ड्रम धुऊन ठेवला होता. नळी आम्ही त्यांना दिली नाही, आणि का दिली नाही हे तिनेच त्यांना मायक्रोस्कोपवर दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी दाखवून समजावले.